अल्टसीझन इंडेक्स 75 च्या वर गेला म्हणजे नेमकं काय झालं?

आकडेमोड

दर काही महिन्यांनी कोणीतरी अल्टसीझन इंडेक्सचा स्क्रीनशॉट टाकतं आणि खाली "सुरू झाला!" असे प्रतिसाद येतात. म्हणून हा आकडा कसा बनतो आणि कुठे फसवतो, यावर वेगळा धागा काढतोय.

मूळ हिशोब सोपा आहे. ब्लॉकचेनसेंटरचा इंडेक्स मार्केट कॅपप्रमाणे पहिले 50 कॉइन घेतो, कॉइनमार्केटकॅपचा 100 घेतो. दोन्हींतून स्टेबलकॉइन आणि रॅप्ड टोकन वगळलेले असतात. गेल्या 90 दिवसांत त्यांतल्या किती टक्के कॉइननी बिटकॉइनपेक्षा जास्त परतावा दिला, ते मोजायचं. 75 किंवा वर गेला की अल्टसीझन, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या कॉइनांचा काळ; 25 किंवा खाली आला की बिटकॉइन सीझन.

माझ्या मते सगळ्यात मोठी खोट यादीत आहे. आज जे पहिले 50 आहेत त्यांचे गेले 90 दिवस आपण मोजतो. पण त्यांतले काही आज पहिल्या 50 मध्ये आलेच मुळी गेल्या 90 दिवसांत वाढले म्हणून. जे आपटले ते यादीतून बाहेर गेले, म्हणजे मोजणीतूनही गेले.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. 90 दिवसांपूर्वीच्या 50 कॉइनपैकी 34 नी बिटकॉइनला मागे टाकलं. खरा आकडा 68. दरम्यान 6 कॉइन यादीतून घसरले, सहाही हरलेले. त्यांच्या जागी 6 नवे आले, सहाही जिंकलेले. आजच्या यादीवर मोजलं तर 40, म्हणजे 80. बाजार तोच, दिवस तेच, पण एक आकडा 75 च्या खाली आणि दुसरा वर. आणि ही चूक नेहमी एकाच दिशेला जाते, अल्टच्या बाजूने.

तुम्ही हा आकडा वापरता का? वापरत असाल तर कसा दुरुस्त करता?

पिंपळपान

मी 60 च्या वर गेला की लक्ष देते, 75 ची वाट बघत नाही. 75 होईपर्यंत उशीर झालेला असतो.

घाटमाथा

सहमत. तीन महिन्यांत बिटकॉइनला मागे टाकलेले कॉइन मोजायचे म्हणजे जे होऊन गेलं तेच मोजायचं. वरातीमागून घोडं.

पण यादीचा मुद्दा मला थोडा ताणलेला वाटतो. पहिल्या 30 मध्ये तीन महिन्यांत फार बदल होत नाही. उलथापालथ होते ती 40 ते 60 या क्रमांकांत.

आकडेमोड

@घाटमाथा, बरोबर, पण मोजणी क्रमांक बघत नाही ना. 48 व्या कॉइनचं मत इथेरियमच्या मताइतकंच. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ये-जा आहे, त्या काठावरच्या कॉइनांनाच निकाल हलवायची सगळ्यात जास्त संधी. आणि 100 च्या यादीत 80 ते 120 या पट्ट्यात मार्केट कॅपचं अंतर आणखी कमी असतं, त्यामुळे तिथे ये-जा जास्त.

रानजाई

माझ्याकडे फक्त इथेरियम आहे. 2024 च्या शेवटी सगळे अल्टसीझन म्हणत होते, इंडेक्सही 75 च्या वर होता, आणि माझं बिटकॉइनवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी वाढलं. मग इंडेक्स चुकला का?

शून्यांश

@रानजाई, इंडेक्स चुकला नाही, तो तुमच्या प्रश्नाचं उत्तरच देत नव्हता. 1 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर 2024 हे बरोबर 90 दिवस घ्या. बिटकॉइन 57 हजार डॉलरच्या आसपासवरून 96 हजारांच्या आसपास गेला, म्हणजे साधारण 68 टक्के. इथेरियम 2,430 च्या आसपासवरून 3,700 च्या आसपास, म्हणजे 52 टक्के. एक्सआरपी त्याच काळात तिपटीहून वर गेला, डोजकॉइन चौपटीहून वर.

मोजणीत इथेरियम "हरलेला", एक्सआरपी "जिंकलेला". 52 टक्के वाढलेला कॉइन हरलेल्यांत, कारण तुलना शून्याशी नाही, बिटकॉइनशी आहे. आणि अल्टमधला सगळ्यात मोठा कॉइन हरला तरी 50 च्या यादीत आकडा फक्त 2 ने हलतो.

रानजाई

अच्छा. म्हणजे उलटंही होऊ शकतं? आकडा 80 आणि सगळे तोट्यात?

शून्यांश

हो. बिटकॉइन 90 दिवसांत 20 टक्के पडला आणि 50 पैकी 40 अल्ट 17 टक्के पडले, तर आकडा 80. अल्टसीझन म्हणतील, आणि प्रत्येकाच्या खिशातून पैसे गेलेले असतील. म्हणून आकड्याशेजारी बिटकॉइनचा त्याच 90 दिवसांचा परतावा लिहिल्याशिवाय तो वाचूच नये.

खडीसाखर

याच कारणाने स्टेबलकॉइन वगळणं फार नाजूक काम आहे. ऑक्टोबर 2025 बघा. 6 तारखेला बिटकॉइन 1 लाख 26 हजार डॉलरच्या आसपास होता, 21 नोव्हेंबरला 80 हजारांच्या जवळ आला. अशा पडझडीत जागेवर उभं राहणारं काहीही "बिटकॉइनला हरवतं". डॉलरला बांधलेलं एखादं टोकन वगळणीच्या यादीत टाकायचं राहून गेलं, की तो एक फुकटचा विजय. व्याज देणाऱ्या डॉलर टोकनांचं तर आणखी अवघड, त्यांची किंमत हळूहळू चढत असते, त्यामुळे 1 डॉलरच्या आसपास आहे का हे बघून ती पकडता येत नाहीत.

सोन्याला बांधलेली पीएएक्सजी आणि एक्सएयूटी ही टोकनंही तपासा. सोनं चढलं आणि बिटकॉइन पडला तर त्यांचा विजय अल्टचा विजय नाही. 100 च्या यादीत असे चार-पाच उपटसुंभ शिरले तर पडत्या बाजारात आकडा चार-पाचने फुगतो.

टेक्सासकर

एवढं कशाला? डॉमिनन्स बघा. बिटकॉइन डॉमिनन्स, म्हणजे एकूण मार्केट कॅपमधला बिटकॉइनचा वाटा, पडली की अल्टसीझन, विषय संपला.

खडीसाखर

@टेक्सासकर, डॉमिनन्सच्या छेदात स्टेबलकॉइन पण असतात. टेदरने नवे टोकन छापले की एकही अल्ट न वाढता डॉमिनन्स घसरते. आणि ती मार्केट कॅपवर चालते, त्यामुळे एकटा इथेरियम वर गेला तरी हलते. इंडेक्स विचारतो किती कॉइन जिंकले, डॉमिनन्स विचारते पैसा कुठे आहे. दोन्ही वेगळे प्रश्न. माझ्या मते दोन्ही शेजारी ठेवून बघावेत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

टेक्सासकर

स्टेबलकॉइन वजा करून काढलेली डॉमिनन्सही मिळते की. पण मुद्दा पोचला.

कोकमसरबत

कोणता अल्ट घेऊ सध्या? 10 हजार आहेत.

घाटमाथा

@कोकमसरबत, या धाग्यात ते मिळणार नाही. इथे थर्मामीटर तपासतोय, औषध नाही देत.

पिंपळपान

आकडा अचानक उडी मारतो त्याचं कारण कोणी सांगेल का? बातमी काही नसते, किमती शांत असतात, आणि इंडेक्स एका आठवड्यात 15 ने हलतो.

घाटमाथा

जुनी टोकाची तारीख गळते म्हणून. खरं उदाहरण देतो. 5 नोव्हेंबर 2024 ला, अमेरिकन निवडणुकीच्या दिवशी, बिटकॉइन 69,400 च्या आसपास होता. 11 नोव्हेंबरला 88,700 च्या आसपास. आता 90 दिवस पुढे जा. 3 फेब्रुवारी 2025 ला किंमत 1 लाख 1 हजारांच्या आसपास, तुलना 69,400 शी, परतावा 46 टक्के. 9 फेब्रुवारीला किंमत 96,500 च्या आसपास, तुलना 88,700 शी, परतावा 9 टक्के. त्या सहा दिवसांत किंमत 5 टक्केच पडली, पण 90 दिवसांचा परतावा 46 वरून 9 वर.

म्हणजे बिटकॉइनला हरवण्याचा उंबरठाच खाली आला. त्यामुळे त्या आठवड्यात इंडेक्स आपोआप वर जायला हवा.

शून्यांश

@घाटमाथा, पहिला परिच्छेद पक्का आहे, शेवटचं वाक्य नाही. 5 ते 11 नोव्हेंबरमध्ये अल्टही पळाले होते. डोजकॉइन त्या आठवड्यात दुप्पट झाला. म्हणजे फेब्रुवारीच्या त्याच सहा दिवसांत डोजकॉइनची तुलनेची किंमत दुप्पट होते, बिटकॉइनची 28 टक्केच वाढते. डोजकॉइनसाठी शर्यत आणखी अवघड झाली.

यासाठी दोन परतावे वेगळे बघायचेच नाहीत. प्रत्येक कॉइनची किंमत बिटकॉइनमध्ये मांडायची. आजची किंमत भागिले 90 दिवसांपूर्वीची किंमत, दोन्ही बिटकॉइनमध्ये. उत्तर 1 च्या वर असेल तर जिंकला. मग लगेच दिसतं की आकडा दोन कारणांनी हलतो: आजचं गुणोत्तर बदललं म्हणून, किंवा 90 दिवसांपूर्वीचं गळालं म्हणून. दुसऱ्या कारणाचा आजच्या बाजाराशी काही संबंध नाही. जे अल्ट त्या जुन्या आठवड्यात बिटकॉइनपेक्षा जास्त पळाले त्यांना गळतीचा तोटा, जे मागे राहिले त्यांना फायदा.

@पिंपळपान, तुमच्या उडीचं कारण शोधायचं तर 90 दिवस मागचा आठवडा उघडून बघा, आजच्या बातम्या नको.

घाटमाथा

मान्य. गुणोत्तरात बघितलं तर माझं "आपोआप वर" टिकत नाही.

पिंपळपान

आणि बरेच कॉइन 1 च्या अगदी जवळ घुटमळत असतील तर?

शून्यांश

तर आकडा पत्त्यासारखा पलटतो. 50 पैकी 12 कॉइन 1.00 ते 1.02 च्या मध्ये असतील तर बिटकॉइन एका दुपारी 3 टक्के वर गेला की ते सगळे बहुधा एकदम हरतात, कारण अल्ट एकमेकांबरोबरच हलतात. आकडा 24 ने खाली. म्हणून मी सोबत मध्यक बघतो, म्हणजे सगळी गुणोत्तरं क्रमाने लावून मधलं. आकडा 76 आणि मध्यक 1.03 असेल तर ती झुळूक आहे. आकडा 76 आणि मध्यक 1.4 असेल तर काहीतरी खरंच चाललंय.

नांगरट

मूळ प्रश्नाकडे येतो, दुरुस्ती कशी करायची. 90 दिवसांपूर्वीची यादी मिळते. कॉइनमार्केटकॅप दर रविवारची जुनी यादी ठेवतं, पत्ता असा: `coinmarketcap.com/historical/20240901/`. शेवटची आठ अक्षरं म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 1 सप्टेंबर 2024 रविवारच होता, त्यामुळे वरचेच 90 दिवस करून बघता येतील.

त्या दिवशीचे पहिले 70 उचला, स्टेबलकॉइन, रॅप्ड, स्टेकिंगच्या पावत्या आणि सोन्याची टोकनं काढा, बिटकॉइन आणि उरलेल्यांतले वरचे 50 ठेवा. त्यांच्या 30 नोव्हेंबरच्या किमती आणा. मग पँडासमध्ये चार ओळी:

```python
b = p1["BTC"] / p0["BTC"]
r = (p1 / p0).drop("BTC") / b
print((r > 1).mean() * 100)
print(r.median())
```

`p0` जुन्या किमती, `p1` नव्या, दोन्हींना कॉइनचं चिन्ह इंडेक्स म्हणून लावलेलं.

आकडेमोड

@नांगरट, यात एक सापळा आहे. एखाद्या कॉइनची नवी किंमत मिळाली नाही तर तिथे `NaN` येतं. पहिल्या `print` मध्ये `NaN > 1` हे खोटं धरलं जातं, म्हणजे तो कॉइन हरला आणि छेदातही राहिला. ठीक. पण `median()` मात्र `NaN` सोडून देतं. मेलेले कॉइन मध्यकातून गायब, म्हणजे ज्या खोटीसाठी धागा काढला तीच मागच्या दाराने परत आत. कॉइन खरंच मेला असेल तर आधी हे करा:

```python
p1 = p1.reindex(p0.index).fillna(0)
```

नांगरट

चांगलं पकडलंत. पण सरसकट शून्य भरणंही धोक्याचं. किंमत नाही याचं कारण मरण नसून नाव बदलणं असू शकतं. नेमक्या याच काळात, सप्टेंबर 2024 मध्ये, मॅटिकचं पॉल झालं. चिन्हावर जुळवलं तर मॅटिक मेलेला दिसेल. खरं तर एकास एक बदल होता, त्यामुळे पॉलची किंमत सरळ लावता येते.

सगळे बदल एकास एक नसतात. मेकरमधून स्काय झालं ते एकाचे 24,000. तिथे गुणाकार विसरलात तर कॉइन 99.99 टक्के पडलेला दिसेल.

खडीसाखर

आणि लुना! मे 2022 मध्ये कोसळल्यानंतर महिनाअखेरीस नवी साखळी सुरू झाली. जुन्या कॉइनचं चिन्ह `LUNC` झालं आणि `LUNA` हे चिन्ह नव्याला मिळालं. एप्रिलची किंमत आणि जूनची किंमत `LUNA` या चिन्हावर जुळवली तर दोन वेगळ्या कॉइनांची तुलना होते. तोटा दिसेल, पण खऱ्यापेक्षा कितीतरी कमी. चिन्हाऐवजी साइटचा स्वतःचा ओळख क्रमांक वापरा.

लुना हे आकडेमोड यांच्या मूळ मुद्द्याचंही सगळ्यात ठळक उदाहरण. एप्रिल 2022 मध्ये पहिल्या 10 मध्ये, 80 डॉलरच्या वर. मेच्या मध्यावर एका सेंटपेक्षाही कितीतरी कमी. नंतर काढलेल्या आकड्यात तो पहिल्या 50 मध्ये नाही, म्हणजे मोजणीच्या दृष्टीने तो कधी नव्हताच.

घाटमाथा

आणि जुन्या यादीवर मोजला तरी फक्त 2 ने फरक. पहिल्या दहातला कॉइन शून्य झाला आणि आकडा 2 ने हलला! ही खोट यादी दुरुस्त करूनही जात नाही, ती मोजणीच्या पद्धतीतच आहे.

ओसरी

डोंबिवलीतून बसून याचा उपयोग काय, ते पण बोलूया. रुपयात काढला तर इंडेक्स वेगळा येईल ना? रुपया घसरतो.

शून्यांश

@ओसरी, नाही. बिटकॉइन आणि अल्ट दोन्ही त्याच दराने रुपयात जातात, गुणोत्तरात दर कटतो. आपल्याकडे फरक पडतो तो करामुळे.

ओसरी

कॉइनमधून कॉइनमध्ये गेलं तर कर नसतो असं ऐकलंय. रुपयात काढलं तरच.

मेतकूट

@ओसरी, चुकीचं ऐकलंय. कॉइनच्या बदल्यात कॉइन हेही हस्तांतरणच. आयकर कायदा 1961, कलम 115बीबीएच, 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2. शिवाय जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस, तो नंतर करातून वळता होतो.

इंडेक्सशी याचा संबंध असा. समजा 1 लाखाला घेतलेला बिटकॉइन आज 2 लाखांचा आहे. तो विकून अल्ट घेतले तर 1 लाखावर 31,200 कर. अल्टमध्ये लागतात 1,68,800. बिटकॉइन तसाच ठेवला, तो 50 टक्के वाढून 3 लाख झाला आणि मग विकला, तर 2 लाखांवर 62,400 कर जाऊन हातात 2,37,600. अल्टवाल्याला तेवढेच हातात यायला त्याचे अल्ट 59.2 टक्के वाढायला हवेत. इंडेक्स मात्र 51 टक्के वाढलेल्या कॉइनलाही जिंकलेला म्हणतो. आपल्यासाठी तो हरलेला.

आणि तीन अल्ट घेतले, दोन बुडाले, तर त्यांचा तोटा तिसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. त्यामुळे "बहुतेक कॉइन जिंकतायत" हे वाक्य आपल्याकडे आणखी कमी उपयोगाचं.

टेक्सासकर

अमेरिकेतही कॉइन ते कॉइन बदल करपात्र आहे, पण तोटा वजा होतो. तोटा वजा न होणं फारच जाचक आहे.

आकडेमोड

@मेतकूट, हे धाग्याच्या सुरुवातीलाच असायला हवं होतं. म्हणजे आपण `r > 1` ऐवजी उंबरठा वर ठेवून मोजावं?

मेतकूट

उंबरठा प्रत्येकाच्या खरेदी किमतीवर अवलंबून. ज्याचा बिटकॉइन खरेदी किमतीलाच आहे त्याला फरक शून्य. जितका जुना नफा जास्त, तितका उंबरठा वर. एक आकडा सगळ्यांना लागू पडणार नाही.

पिंपळपान

एक राहिलं. नवे कॉइन. हायपरलिक्विडचा हाइप 29 नोव्हेंबर 2024 ला आला आणि लगेच मोठ्या कॉइनांत जाऊन बसला. त्याला 90 दिवसांचा इतिहासच नाही. मोजायचा कसा?

नांगरट

जुन्या यादीने मोजलं तर प्रश्न येत नाही, तो त्या यादीत नव्हताच.

पिंपळपान

पण मग उलटी खोट येते. त्या तिमाहीत पैसा जिथे गेला तोच कॉइन मोजणीबाहेर.

आकडेमोड

यावर मी अजून ठाम नाही. पहिल्या दिवसाची किंमत सुरुवात धरली तर एअरड्रॉपच्या दिवशीची गोंधळाची किंमत पाया बनते. वगळला तर @पिंपळपान म्हणतायत तसं. सध्या मी दोन्ही आकडे काढतो, जुन्या यादीचा आणि आजच्या यादीचा, आणि त्यांच्यातलं अंतर बघतो. अंतर 10 च्या वर असेल तर उलथापालथ जास्त आहे एवढंच त्यातून घेतो.

खडीसाखर

मी वगळते. पण 30 दिवस झाल्यावर त्याला 30 दिवसांच्या मोजणीत घेते, ब्लॉकचेनसेंटरवर महिन्याची आणि वर्षाची मोजणीही असते तशी. कोणाकडे 2021 च्या जुन्या याद्या साफ करून ठेवलेल्या असतील तर सांगा, एप्रिल-मे 2021 साठी दोन्ही आकडे काढून बघायचे आहेत.

नांगरट

पहिले 70, मार्च ते जून 2021 चे सगळे रविवार, ओळख क्रमांकासकट आहेत. स्टेकिंग पावत्या अजून वेगळ्या केलेल्या नाहीत. व्यनि करा.